आपत्ती व सूचना मागविण्याबाबत

बंदर कार्यालयात भाषांतरकाराच्या जागेवर एक बाई रुजू झाल्या, त्यांना पहिल्याच आठवड्यात सगळे अनुवादताई म्हणू लागले. त्यांचं माहेर मराठी, सासर मराठी. पण लग्नानंतरची उमेदीची सगळी वर्षं नवऱ्याच्या बदल्यांमागे हिंदी मुलखात गेली होती. नवरा निवृत्त झाल्यावर बिऱ्हाड परत आलं, तेव्हा ताईंच्या मराठीत हिंदीनं घरच्यासारखे पाय पसरले होते. त्या म्हणायच्या, "पंखा चालवून दे." म्हणायच्या, "माझ्याकडून ग्लास तुटून गेला." भाजी खारट झाली तर मीठ तेज झालंय म्हणायच्या. कॉलेजात जाणारी लेक हसायची. सासूबाई हसत नसत. त्या नुसत्या पेपरवरून डोळे वर करायच्या आणि पुन्हा खाली घ्यायच्या, आणि ते जास्त लागायचं.

पण परीक्षेला दोन्ही भाषा हव्या होत्या आणि ताईंच्या पोटात दोन्ही होत्या. त्या पास झाल्या, खिडकीतून क्रेन दिसणारी एक खोली, एक लोखंडी कपाट आणि जाडजूड परिभाषा कोश मिळाला. पहिले काही महिने रजेचे आदेश आणि पाणी जपून वापरण्याची परिपत्रकं यांतच गेले. 'आकस्मिक अवकाश' म्हणजे नैमित्तिक रजा, हे कळल्यावर त्या घरी येऊन म्हणाल्या, "बरं झालं कोश पाहिला. नाहीतर आमचा लिपिक अचानक अंतराळात गेला असता!"

मग एके दिवशी मुख्यालयातून हिंदी अधिसूचना आली. बंदराच्या रस्त्यांवरच्या वाहतुकीचे विनियम बदलायचे होते. त्याचा मसुदा आधी लोकांसमोर ठेवायचा, तीस दिवस त्यांचं म्हणणं मागवायचं आणि मग तो पक्का करायचा, अशी रीत. मराठी मसुदा स्थानिक पेपरात आणि कार्यालयाच्या फलकावर लागायचा होता. ताईंचं काम तपासणारे कक्ष अधिकारी मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले होते. साहेब म्हणाले, "ताई, आता तुम्हीच बघा. मला मराठी बोलता येतं, पण सरकारी मराठी वाचली की झोप येते."

ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ही त्यांची पहिली अधिसूचना!

पहिल्या ओळीपासूनच हिंदी त्यांना चकवायला टपून बसली होती. शीर्षकात 'यातायात' होतं. मराठीत यातायात म्हणजे नुसता त्रास. तिथे वाहतूक लिहिली. 'संशोधन' होतं. ते तसंच ठेवलं असतं तर बंदरानं रस्त्यांवर प्रयोगशाळाच उघडली असती. तिथे सुधारणा लिहिली. 'धारा' होती तिचं कलम केलं, 'उपधारा' होती तिचं पोटकलम. 'शक्तियों का प्रयोग करते हुए' वाचून तर त्यांना व्यायामशाळेतला वार्षिक कार्यक्रम दिसला. तिथे 'अधिकारांचा वापर करून' असं शांतपणे लिहिलं. 'भारी वाहन' आलं. धक्क्यावर भारी गाड्यांना बंदी म्हटलं असतं तर गावातली तरुण पोरं चिडून मोर्चाच घेऊन आली असती. तिथे अवजड केलं.

'घाट मार्ग' मात्र अडला. बंदराच्या आसपास डोंगर नाही, मग घाट कुठला? ताईंनी कपाटातून मूळ विनियमांची मराठी प्रत काढली. सुधारणा करायची तर मूळ विनियमात जो शब्द छापलाय तोच वापरावा लागतो. नाहीतर एकाच रस्त्याला कायद्यात दोन नावं पडतात आणि वकिलांचं फावतं. मूळ प्रतीत होतं 'धक्क्याकडील रस्ता'. ताईंनी टाळी वाजवली. समोरच्या टेबलावरचा आवक-जावक लिपिक दचकून म्हणाला, "काय सापडलं?"

"धक्का!"

"कुणाला बसला?"

घरी येतानाही त्या 'ज्याअर्थी', 'त्याअर्थी' पुटपुटत होत्या. पोळ्या लाटताना लेकीला म्हणाल्या, "ज्याअर्थी तू कपडे घडी केले नाहीस, त्याअर्थी, आता, तुला प्रदान करण्यात आलेला मोबाइल याद्वारे काढून घेण्यात येत आहे." लेकीनं मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या केल्या. कायद्याच्या भाषेत असा वचक असतो, हे ताईंनाही तेव्हाच समजलं.

पेपरकडून जाहिरातीचा नमुना तपासायला आला. ताईंनी त्यात चुकलेल्या वेलांट्या दुरुस्त केल्या, 'अधीसूचना' ची अधिसूचना केली, एक निसटलेला अनुस्वार परत आणला. साहेबांनी सही केली. जाहिरात गेली.

ती छापून आली त्या सकाळी ताई चहा गाळत होत्या. सासूबाईंना पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची सवय. निविदा, हरवलेली कागदपत्रं, लिलाव, काही म्हणजे काही सोडायच्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"अगं, ही तुमच्या बंदराची जाहिरात ना?"

"हो आई! मीच केलीय. वाचा ना, मोठ्यानं वाचा!"

सासूबाई वाचू लागल्या. ज्याअर्थी, त्याअर्थी, कलम, पोटकलम. ताई चहाची गाळणी हातात धरून देवाचं ऐकावं तशा ऐकत होत्या. मग सासूबाई थांबल्या.

"एक विचारू? तुमच्या बंदराला लोकांच्या आपत्ती कशाला हव्यात?"

"म्हणजे?"

"इथे ठळक अक्षरांत लिहिलंय, 'आपत्ती व सूचना मागविण्याबाबत'. आणि खाली म्हटलंय, ज्या कोणास आपत्ती असेल त्यांनी ती लेखी कळवावी. प्राप्त झालेल्या आपत्तींचा सक्षम प्राधिकारी विचार करील." सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. "मोठ्या मनाचं सरकार आहे हो."

ताईंनी वाकून ती ठळक अक्षरं पाहिली. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे आक्षेप. मराठीत? मराठीत पूर, भूकंप, वादळ! तिथे हवा होता 'हरकती'. हरकती व सूचना. रोज कुठल्या तरी फलकावर दिसणारे दोन साधे शब्द. जे शब्द परके वाटले ते सगळे त्यांनी कोशात पाहिले होते. हा परका वाटलाच नव्हता, म्हणून पाहिला नव्हता. वर नमुना तपासताना त्याची शेवटची वेलांटी दीर्घ आहे ना, हेही समाधानानं पाहिलं होतं.

"अहो!" त्या नवऱ्यावर ओरडल्या. "मी सगळ्या गावाच्या आपत्ती मागवल्या!"

नवरा दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो बाहेर आला, पेपर वाचला आणि म्हणाला, "ठीक तर आहे. मला तर काही आपत्ती नाही दिसत." मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्याही मराठीत हिंदी पाय पसरून बसलीय. तो हसायला लागला. फेस उडाला, सासूबाईंच्या पेपरावर पडला, आणि त्या मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "मलाही एक कळवायची आहे. या घरात पेपर कोरडा मिळत नाही."

ताई धावतपळत कार्यालयात पोचल्या. अजून कुणी वाचलं नसेल, अशी आशा होती. शिपाई खोल्या उघडत होता. आवक-जावक लिपिकाच्या खिडकीसमोर मात्र रांग होती!

खरं म्हणजे त्या खिडकीला रांगेची सवयच नव्हती. आजवर जेवढे मसुदे निघाले, त्यांवर हरकत घ्यायला कुणी फिरकलं नव्हतं. फाइल निघायची, तिच्यावर 'निरंक' लिहिलं जायचं आणि ती कपाटात जायची. आज मात्र लोक कागद घेऊन उभे होते. लिपिक एकेकाला पोच देत होता, शिक्का मारत होता आणि ओठ चावत होता. ताईंना पाहून त्यानं एक कागद पुढे सरकवला आणि खाली वाकून टेबलाचा खण शोधायचं नाटक करत खदखदा हसला.

कागदावर लिहिलं होतं: 'आपत्ती: शेजाऱ्यांचा मुलगा कर्णा वाजवायला शिकतो आहे. सूचना: त्याला तबला द्यावा.'

दुसऱ्यावर एका शिंप्यानं लिहिलं होतं की त्याच्या एका गिऱ्हाईक बाई तोच ब्लाउज पुन्हा पुन्हा उसवून घेतात, आणि शासनानं त्यांचं माप कायमचं ठरवून द्यावं. एका निवृत्त मास्तरांचं म्हणणं होतं, 'माझ्या तिन्ही आपत्ती एकाच घरात राहतात. नावे मागाहून कळवीन.' एकानं थोडक्यात आटोपलं होतं: 'आपत्ती: सासरे. सूचना: नाही.' आणि एका निळ्या शाईच्या कागदावर होतं, 'आपत्ती: ती हो म्हणाली. सूचना: आता पुढे काय करायचं ते तुम्हीच सांगा.'

ताईंना रडायचं होतं. त्या खुर्चीत बसल्या, रुमाल तोंडाशी धरला, आणि त्यातून जे बाहेर पडलं ते हसू होतं. त्या हसल्या, लिपिक हसला, रांगेतला तो निळ्या शाईचा तरुण लाजून लाल झाला आणि तोही हसला. साहेब आवाज ऐकून बाहेर आले. ताई उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी, पोट दुखतंय, आणि नोकरी जाणार ही खात्री.

"साहेब, माझी चूक झालीय. हरकती हवं होतं. मी आपत्ती लिहिलं."

साहेबांनी कागद घेतले. पहिला वाचला. दुसरा वाचला. सासऱ्यांचा कागद वाचताना त्यांची मान हलू लागली. "याला पोच दिलीत?" त्यांनी लिपिकाला विचारलं.

"दिली साहेब. शिक्क्यासकट."

"मग आता उत्तर द्यावं लागणार," साहेब म्हणाले आणि भिंतीला टेकून हसले.

तेवढ्यात मुख्यालयाचा फोन आला. राजभाषा अधिकाऱ्यांनी मराठी प्रत पाहिली होती. त्यांचा आवाज घाबराघुबरा होता. ताईंना वाटलं, आता आलं. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं. हिंदीत बंदराला पत्तन म्हणतात, आणि बंदर म्हणजे माकड.

"बहनजी, हर पन्ने पर बंदर है," ते म्हणाले. "बंदर प्रशासन, बंदर के अधिकारी. और यह बंदर का धक्का क्या है? किसको दिया?"

ताईंनी फोन छातीशी धरला, छताकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि शक्य तितक्या सरकारी आवाजात समजावलं. मराठीत पोर्ट म्हणजे बंदर, जहाज लागतं तो धक्का, आणि मूळ विनियमांतही हेच शब्द आहेत. मग तिकडूनही हसू फुटलं. "अच्छा, तो हम सब बंदर प्रशासन में हैं," ते म्हणाले. तेव्हा ताईंनी धीर करून खरी चूकही सांगून टाकली. अधिकाऱ्यांनी लेखी स्पष्टीकरण मागितलं. आपल्याकडे त्याला खुलासा म्हणतात.

दुपारपर्यंत विधी अधिकारी आले. हे गृहस्थ सहसा हसत नसत, त्यामुळे सगळे जरा सावरून बसले. त्यांनी जाहिरात वाचली आणि सांगितलं, "आजची सूचना सदोष आहे. शुद्धिपत्र काढा. 'आपत्ती' ऐवजी 'हरकती' वाचावे. आणि तीस दिवस शुद्धिपत्र प्रसिद्ध होईल त्या दिवसापासून नव्यानं मोजा. म्हणजे कुणाचा हक्क बुडणार नाही." मग त्यांनी गठ्ठ्याकडे बोट केलं. "यांतले मसुद्याशी संबंध असलेले कागद हरकती म्हणून धरा. बाकीच्यांना सभ्य उत्तर पाठवा." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तो कर्ण्याचा कागद जरा बघू."

म्हणून ताई गठ्ठा निवडायला बसल्या. कर्णा एकीकडे, सासरे एकीकडे. इतक्यात खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"आपत्ती इथेच घेतात ना?"

मासळी विकणाऱ्या एक आक्का होत्या. लेखी काही आणलं नव्हतं. त्या सांगत गेल्या आणि ताई लिहून घेत गेल्या. "आमच्या धक्क्याच्या रस्त्यावर सकाळी मोठ्या गाड्या बंद करणार म्हणे. आमची बर्फाची गाडी सकाळीच येते. ती मोठी आहे. ती नाही आली तर मासळी ठेवू कशात? माझ्या मांडीवर?"

ताईंची लेखणी थांबली. अवजड वाहनांच्या त्या कलमाचं भाषांतर त्यांनी स्वतः केलं होतं. एकेक शब्द तोलून पाहिला होता, पण त्या शब्दांतून बर्फाची गाडी जाते हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आक्का, ही तर हरकत आहे. आधीच्या मसुद्यांच्या वेळी तुम्ही कधी आला नाहीत?"

"हरकत?" आक्कांनी नाक मुरडलं. "हरकत घेणं म्हणजे भांडण. मी कशाला सरकारशी भांडू? माझं काही सरकारशी वाकडं नाही. पण आपत्ती विचारलीत, तर सांगते की!"

आक्कांचा कागद वाचून दाखवण्यात आला, त्यावर त्यांचा अंगठा नाही तर चक्क ऐटदार सही आली, आणि तो मसुद्याच्या फाइलला लागला. दुसऱ्या दिवशी आणखी चार बायका आल्या. त्यांच्यामागे बर्फ कारखान्याचा मालक आला, तो मात्र टाइप केलेलं निवेदन घेऊन. फाइलवर यंदा 'निरंक' लिहायला जागाच उरली नाही.

शुद्धिपत्र निघालं. ते छापायला देण्याआधी ताईंनी ते साहेबांना, लिपिकाला आणि घरी सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "आता मजा गेली. पण बरोबर आहे." खुलाशात ताईंनी फार सजावट केली नाही. लिहिलं, 'हा शब्द मला अनोळखी वाटला नाही, म्हणून मी तो तपासला नाही. यापुढे ओळखीचे शब्दही तपासण्यात येतील.' मुख्यालयानं तो मान्य केला आणि खाली लाल शाईत एक ओळ आली की हिंदी-मराठीत सारखे दिसणारे पण वेगळा अर्थ असणारे शब्द ताईंनी जमवून पाठवावेत, इतर कार्यालयांना उपयोग होईल. रजेवरून परतलेले कक्ष अधिकारी फार हळहळले. "माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला आठवडा," ते म्हणाले, "आणि मी जेवणावळीत होतो."

बाकीच्या आपत्तींना उत्तरं द्यायचं कामही ताईंकडेच आलं. त्यांनी सगळ्यांना एकच मजकूर पाठवला: आपले पत्र मिळाले, विषय या कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही, सबब आपणास तसे कळविण्यात येत आहे. फक्त निळ्या शाईच्या तरुणाच्या पत्राखाली, अधिकारक्षेत्राबाहेर जाऊन, त्यांनी हातानं लिहिलं, 'तिच्या आईला भेटा.'

मुदत संपल्यावर सुनावणी झाली. आक्का पहिल्या रांगेत बसल्या आणि बर्फ किती वेळात वितळतो हे इतक्या तपशिलानं सांगितलं की सक्षम प्राधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला उचलून त्यात पाहिलं. कार्यालयानं सगळ्या हरकती आपल्या अभिप्रायासह मुख्यालयाला पाठवल्या, आणि काही आठवड्यांनी अंतिम अधिसूचना हिंदीत आली. ताईंनी पान उलटलं. अवजड वाहनांच्या कलमाखाली एक नवं वाक्य जोडलेलं होतं. 'परंतु यह कि'! परंतुक! कलमाला दिलेली सूट!

त्यात 'विनश्वर माल' असं होतं. ताईंच्या मनात पहिल्यांदा क्षणभंगुर जीवन वगैरे आलं. पण त्यांनी कोश उघडला आणि लिहिलं, 'नाशवंत माल'. या वेळी त्यांनी 'और' सुद्धा कोशात पाहिला. मग स्वच्छ अक्षरात उतरवलं: 'परंतु, नाशवंत माल व तो टिकविण्यासाठी लागणारा बर्फ वाहून नेणाऱ्या वाहनांना हा निर्बंध लागू असणार नाही.' शेवटचा पूर्णविराम देताना त्यांना गुदगुल्या झाल्या.

अधिसूचना अंमलात आली त्या सकाळी ताई चहाही न घेता घराबाहेर पडल्या. नवऱ्यालाही ओढत नेलं. धक्क्याकडील रस्त्याच्या तोंडाशी नवा फलक लागला होता, 'अवजड वाहनांस मनाई', आणि तिथे पहारेकरी हात आडवा करून एक सिमेंटचा ट्रक परत पाठवत होता. त्याच्या मागून ठिबकत, खडखडत, वळणावर पांढरा धूर सोडत बर्फाची गाडी आली. पहारेकऱ्यानं आत डोकावून पाहिलं, हात खाली घेतला आणि गाडी थेट धक्क्यावर गेली.

"ते बघा!" ताई रस्त्यातच ओरडल्या. "ते बघा, माझं परंतुक चाललं!"

"कोण चाललं?" आक्कांनी टोपल्यांमागून विचारलं.

"परंतुक, आक्का! परंतु, नाशवंत माल व तो टिकविण्यासाठी..." ताईंना पुढचं हसण्यामुळे बोलता येईना. नवऱ्यानं त्यांचा दंड धरला, कारण त्या अगदी कडेला उभ्या होत्या. गाडीतून बर्फाची लादी घसरत खाली आली, फरशीवर आपटून तिचे तुकडे चारी बाजूंना उडाले, आणि आक्कांनी त्यातला एक उचलून ताईंच्या तळहातावर ठेवला. तो इतका गार होता की ताईंनी किंकाळी फोडली, पण मूठ मिटूनच घेतली.